शेंग मोडल्याचा आवाज : अठ्ठावीस सेकंदांच्या विक्री-व्हिडिओत ताजेपणा कसा दाखवावा

फरसबीची ताजी शेंग दोन्ही टोकांना धरून वाकवली, तर ती फारशी वाकण्याआधीच कट् असा आवाज करून मोडते आणि मोडलेल्या जागी ओलसर चमक दिसते. तीच शेंग दोन-तीन दिवस उघड्यावर पडून राहिली, की ती वाकते, मुरडते, पण मोडत नाही. बोटांना ती रबरासारखी लागते. ताज्या शेंगेच्या पेशी पाण्याने गच्च भरलेल्या असतात आणि त्या आतून आपल्याच भिंतींवर दाब देत असतात. तोडणीनंतर झाडाकडून पाणी येणे थांबते, बाष्पीभवन मात्र चालूच राहते, त्यामुळे हा दाब उतरत जातो आणि शेंग लुळी पडते.

शेतमालाच्या किंवा घरगुती पदार्थाच्या विक्रीसाठी फोनवर छोटा व्हिडिओ करताना हे एवढे समजले, की पुष्कळ काम सोपे होते. ‘ताजी भाजी’ हे शब्द शिळ्या भाजीवरही लिहिता येतात. पण शिळी शेंग कट् करून मोडता येत नाही. म्हणून शूटिंग सुरू करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : माझा माल ताजा असतानाच जे करू शकतो आणि शिळा झाल्यावर करू शकत नाही, असे काय आहे? पालेभाजीची जुडी देठांकडून उभी धरली तर तिची पाने ताठ राहतात, टोमॅटोच्या देठाभोवतीची हिरवी पाकळीसारखी पाने सुकून काळसर न होता टवटवीत असतात, मक्याच्या दाण्यात नख रुतवले तर दुधासारखा रस उडतो. प्रत्येक मालाचा असा एक पुरावा असतो आणि तो पिकवणाऱ्याला नेहमी माहीत असतो. फक्त रोजचा असल्यामुळे तो दाखवण्याजोगा आहे हे त्याच्या लक्षात येत नाही.

माझ्या ओळखीचे एक शेतकरी दांपत्य फरसबी पिकवते आणि ती थेट घरोघरी विकते. त्यांच्यासाठी मी केलेला अठ्ठावीस सेकंदांचा व्हिडिओ कसा बांधला, हे येथे क्रमाने सांगतो. त्यात एकूण सात तुकडे होते.

पहिला तुकडा दोन सेकंदांचा होता आणि त्यात दोन हात एक शेंग मोडतात, एवढेच होते. नमस्कार, नाव, शेताचा फलक यांतले काहीही त्याआधी आले नाही. बोटाने पडदा वर सरकवणारा माणूस पहिल्या क्षणीच थांबायचे की पुढे जायचे हे ठरवतो आणि त्या क्षणी त्याला आपल्या नावाशी काही देणेघेणे नसते. दुसऱ्या तुकड्यात तीन सेकंद शेताचे दूरचे दृश्य होते, म्हणजे या हातांचा पत्ता कळला. तिसऱ्यात चार सेकंद तोडणी जवळून होती, चौथ्यात तीन सेकंद टोपली भरत होती, पाचव्यात सहा सेकंद निवड चालली होती, सहाव्यात चार सेकंद वजन आणि बांधणी होती, आणि सातव्यात सहा सेकंद भरलेली पिशवी स्थिर राहून तिच्यावर मागणीची माहिती लिहिलेली होती.

यांतला पाचवा तुकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि नेमका तोच घ्यायला विरोध झाला. “भाऊ, खराब शेंगा कशाला दाखवायच्या? लोकांना वाटेल आपला मालच असा आहे,” असे वहिनी म्हणाल्या. शंका चुकीची नव्हती. परंतु निवडीच्या दृश्यात पाहणाऱ्याची नजर खराब शेंगेवर थांबत नाही, ती शेंग कुठे टाकली जाते यावर थांबते. वहिनींच्या हातांनी टोपलीतून मूठभर शेंगा पांढऱ्या कापडावर पसरल्या, त्यांतली दाणे फुगून आलेली एक जून शेंग आणि डाग पडलेली दुसरी उचलून बाजूला टाकली, उरलेल्या शेंगा पुढे सरकवल्या. हे सगळे मध्ये कुठेही न कापता सहा सेकंद तसेच ठेवले. माझ्या अनुभवात ‘आम्ही निवडून देतो’ या वाक्यापेक्षा बाजूला टाकलेल्या त्या दोन शेंगा जास्त बोलतात, कारण ते वाक्य सगळेच म्हणतात आणि शेंगा टाकायला कुणाला परवडत नाही.

दृश्य सलग ठेवण्याचे कारणही विश्वासाचेच आहे. जोडणी म्हणजे दोन तुकड्यांच्या मधला वेळ काढून टाकणे, आणि काढलेल्या वेळात काय घडले हे पाहणाऱ्याला कळत नाही. शेतात तोडलेल्या शेंगा आणि पिशवीत भरलेल्या शेंगा एकच आहेत, हे त्याने कशावरून मानावे? त्यासाठी सर्व तुकड्यांतून जाणारी एक ओळखीची वस्तू हवी. आमच्याकडे ती वस्तू म्हणजे कडेला निळी चिंधी बांधलेली टोपली होती. ती तोडणीच्या वेळी जमिनीवर दिसते, पुढच्या तुकड्यात भरताना दिसते, निवडीच्या कापडाशेजारी दिसते आणि वजनकाट्याजवळ रिकामी पडलेली दिसते. ती चिंधी मुद्दाम बांधलेली नव्हती. टोपलीची कड तुटली होती म्हणून बांधली होती, आणि मी ती तशीच राहू दिली.

याच बाबतीत मी पूर्वी एकदा चांगलाच फसलो आहे. दुसऱ्या एका व्हिडिओत तोडणीचे दृश्य हलले होते, म्हणून मी आठवड्यापूर्वीचे जुने दृश्य त्या जागी बसवले. तोडणाऱ्या हातांची बाही पिवळी होती आणि पुढच्या तुकड्यात तीच बाही पांढरी झाली. एका ग्राहकाने सरळ विचारले, की आज तोडलेला माल कुठला आणि दाखवायचा माल कुठला? माल खरोखरच त्याच दिवशीचा होता, पण ते पटवून द्यायला माझ्याकडे काही उरले नव्हते. तेव्हापासून एका व्हिडिओचे सगळे तुकडे एकाच दिवशी, एकाच फेरीत घेण्याचा नियम मी मोडत नाही. एखादा तुकडा बिघडला, तर तो वगळतो.

उजेड आणि रंग

शूटिंग सकाळी, सूर्य वर आल्यानंतरच्या पहिल्या तास-दीड तासात केले. तोडणीलाही तीच वेळ योग्य असते, कारण रात्रभरात झाडाने पाणी भरून घेतलेले असते आणि माल थंड असतो. त्याच वेळी उजेड बाजूने, तिरका येतो. तिरक्या उजेडात शेंगेवरची बारीक लव आणि तिची गोलाई उठून दिसते. डोक्यावरच्या दुपारच्या उन्हात तीच शेंग सपाट दिसते, शिवाय हाताची आणि फोनची सावली नेमकी मालावर पडते. घरात चित्रण करायचे असेल, तर खिडकीशेजारी बसावे आणि घरातले दिवे बंद करावेत. खिडकीचा निळसर उजेड आणि दिव्याचा पिवळसर उजेड एकत्र आले, की फोनला नेमका कोणता उजेड खरा मानावा हे ठरवता येत नाही आणि अन्नाचा रंग एका बाजूने आजारी दिसतो. काही दिव्यांखाली तर चित्रावरून काळसर पट्टे सरकताना दिसतात. विजेच्या प्रवाहाबरोबर दिवा सेकंदाला शंभर किंवा एकशेवीस वेळा मंद-तेज होत असतो, आणि डोळ्याला न दिसणारे हे लुकलुकणे कॅमेऱ्याच्या झडपेच्या वेगाशी जुळले नाही तर पडद्यावर उमटते. संथ गतीच्या चित्रणात हा त्रास हमखास वाढतो.

रंगाची आणखी एक अडचण कमी लोकांच्या लक्षात येते. फोन आपणहून पांढऱ्या रंगाचा तोल ठरवतो, आणि तो ठरवताना चित्रात साधारणपणे सगळे रंग असतील असे गृहीत धरतो. जवळ जाऊन पूर्ण चौकट हिरव्या शेंगांनी भरली, तर फोनला वाटते की उजेडच हिरवा आहे; मग तो हिरवा रंग कमी करायला जातो आणि शेंगा फिक्या, किंचित जांभळट दिसू लागतात. उपाय सोपा आहे : चौकटीत एक हात, पांढऱ्या कापडाचा कोपरा किंवा थोडी माती असू द्यावी. हाताचा दुसरा उपयोग असा, की पाहणाऱ्याला शेंगेची लांबी कळते आणि त्वचेचा रंग नैसर्गिक दिसला तर शेंगेच्या रंगावरही तो विश्वास ठेवतो.

तुकडा सुरू करण्याआधी पडद्यावर मालाच्या जागी बोट दाबून धरावे. बहुतेक फोनांत त्यामुळे फोकस आणि उजेडाचे माप तेथेच कुलूपबंद होते. आयफोनवर तेव्हा AE/AF LOCK अशी अक्षरे दिसतात, इतर अनेक फोनांत कुलपाचे चिन्ह येते. हे न केल्यास हात चौकटीत येताच चित्र उजळते, हात जाताच काळवंडते आणि मधल्या काळात फोकस पुढे-मागे शोधत राहतो. कुलूप लावल्यावर उजेड किंचित कमी करावा, कारण जास्त उजळून पांढरी पडलेली जागा नंतर परत मिळवता येत नाही, थोडी काळोखी मात्र उजळवता येते.

भिंग आधी पुसावे हे सांगायला संकोच वाटतो. पण शेतात काम करणाऱ्या माणसाच्या खिशातल्या फोनवर बोटांचा तेलकट थर असतोच, आणि सकाळच्या तिरक्या उजेडात तो धुक्यासारखा दिसतो. सुती कापडाने पुसले तरी पुरते. फार जवळ जाण्याचा मोहही टाळावा. ठरावीक अंतराच्या आत फोनचे मुख्य भिंग फोकस करू शकत नाही, आणि काही फोन तेव्हा आपोआप दुसऱ्या भिंगाकडे वळतात, त्यामुळे चालू दृश्यात चित्र अचानक उडी मारते. एक पाऊल मागे येऊन दुप्पट झूम केलेले बरे.

मालावर पाणी शिंपडून तो चमकवण्याची पद्धत सर्रास दिसते. मी ते करत नाही. दव असेल तर ते दिसू द्यावे, नसेल तर नसावे. भाजी घेणाऱ्याला अनुभवाने माहीत असते, की पाणी मारलेली भाजी पिशवीत लवकर सडते, त्यामुळे थेंब पाहून त्याला ताजेपणा आठवेल की लपवाछपवी, हे सांगता येत नाही. जोडणीच्या ॲपमध्ये रंग भडक करणेही त्याच जातीचे. पडद्यावर गडद हिरवी दिसलेली शेंग दारात फिकी निघाली, तर माल चांगला असूनही तक्रार येते, आणि ती तक्रार व्हिडिओनेच ओढवून घेतलेली असते.

आवाज

शेंग मोडल्याचा आवाज शेतात नीट मिळाला नाही, कारण वारा होता. फोनच्या मायक्रोफोनवर वारा सरळ आदळला, की भरभर असा आवाज येतो आणि तो नंतर काढायला गेले तर हवा असलेला आवाजही अर्धा जातो. म्हणून त्याच टोपलीतल्या दहा-बारा शेंगा घरात आणल्या, पंखा बंद केला, फोन विमान-स्थितीत टाकून टेबलावर ठेवला आणि मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर एकेक शेंग मोडली. बहुतेक फोनांचा मुख्य मायक्रोफोन खालच्या कडेला असतो आणि फोन धरताना बोट नेमके तेथेच येते. मुठीत दबलेला आवाज बहुधा त्याचमुळे येतो.

नंतर तो आवाज पहिल्या तुकड्याखाली बसवला. जोडणीच्या ॲपमध्ये आवाजाची रेषा मोठी करून पाहिली, तर मोडण्याच्या क्षणी तिच्यात एक उभे टोक दिसते; शेंग ज्या चित्रात प्रथम दुभंगते त्या चित्राखाली हे टोक आणायचे. सेकंदाला तीस चित्रे असतील तर एक चित्र सुमारे तेहेतीस मिलिसेकंदांचे असते. आवाज एखाद्या चित्राने मागे राहिला तर कुणाला कळत नाही, पण आधी आला तर पटकन खटकतो, कारण निसर्गात आवाज दृश्याच्या आधी कधीच पोहोचत नाही.

वेगळा घेतलेला आवाज जोडणे ही फसवणूक आहे का, असा प्रश्न मला विचारला गेला आहे. त्याच दिवशीच्या, त्याच टोपलीतल्या शेंगेचा असेल तर मी तो प्रामाणिक मानतो. तयार आवाजांच्या संग्रहातून काढलेला कुरकुरीत आवाज शेंगेला चिकटवणे मात्र मला मान्य नाही, कारण येथे आवाज हाच पुरावा आहे. संगीत घालायचे असेल तर पहिल्या दोन सेकंदांनंतर, हळू घालावे. अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून पहिल्या तुकड्यावर ‘आज सकाळची तोडणी’ एवढे तीन शब्द ठेवले होते.

घरगुती पदार्थाचे प्रकरण वेगळे

डब्यात किंवा बरणीत बंद केलेल्या पदार्थाला हीच रीत जशीच्या तशी लागू पडत नाही. जॅमची बरणी ताजी आहे हे बाहेरून दिसत नाही. तेथे प्रक्रिया दाखवावी लागते आणि प्रक्रियेतलाही एकच निर्णायक क्षण निवडावा लागतो. जॅम करणाऱ्या बाई पातेले ढवळतात, ते तासभर चालते आणि ते पाहण्यात कुणाला रस नसतो. परंतु जॅम झाला की नाही हे तपासताना त्या थंड केलेल्या बशीवर एक थेंब टाकतात, क्षणभर थांबतात आणि बोटाने तो थेंब ढकलतात. त्याच्यावर सुरकुती पडली तर जॅम तयार, पाण्यासारखा पसरला तर अजून शिजायचा आहे. ही सुरकुती हा तीन सेकंदांचा तुकडा होतो. त्याआधी न जमलेला, पसरणारा थेंब दाखवला तर ती आणखी पटते, आणि बनवणाऱ्या माणसाला काम कळते हेही पाहणाऱ्याला न सांगता उमगते.

गरम पदार्थाची वाफ दाखवायची असेल, तर मागे गडद पार्श्वभूमी आणि उजेड मागून किंवा बाजूने हवा. पांढऱ्या भिंतीपुढे, समोरून उजेड असताना वाफ दिसतच नाही, भांडे कितीही उकळत असो. स्वच्छताही दाखवावी, पण बोलून नाही : बांधलेले केस, पुसलेला ओटा, उकळत्या पाण्यातून काढून पालथ्या ठेवलेल्या बरण्या, एवढे मागच्या बाजूला आपोआप दिसले तरी पुरते. एक गोष्ट कॅमेरा कधीच दाखवू शकत नाही, ती म्हणजे जे घातलेले नाही ते. ‘फवारणी नाही’ किंवा ‘काही मिसळलेले नाही’ हे दृश्य म्हणून अस्तित्वातच नसते. असा दावा करायचाच असेल तर त्याचे कागद हवेत. व्हिडिओत फक्त घातलेल्या वस्तू ओळीने मांडून दाखवाव्यात आणि तेथेच थांबावे.

मापे आणि पाठवणी

फोन उभा धरून 1080p आणि सेकंदाला तीस चित्रे ही मापे पुरेशी आहेत; याहून मोठे चित्रण फक्त जागा खाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर चित्रण चालू असेल तर ते बंद करावे, कारण आपल्या फोनवर सुंदर दिसलेला तो रंग दुसऱ्याच्या फोनवर कधी धुतल्यासारखा, तर कधी अतिउजळ दिसतो. प्रत्येक तुकडा आठ-दहा सेकंद घ्यावा आणि त्यातले मधले दोन ते सहा वापरावेत, कारण बटण दाबताना सुरुवातीला आणि शेवटी फोन हलतो. अक्षरे चौकटीच्या मधल्या भागात ठेवावीत. बहुतेक ॲपमध्ये खालचा पट्टा नावाने आणि उजवी कड बटनांनी झाकली जाते, आणि मागणीचा क्रमांक नेमका तेथे गेला तर सगळी मेहनत वाया जाते.

तुकडे जोडणाऱ्या माणसाकडे पाठवताना व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखे पाठवू नयेत, डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. साध्या मार्गाने पाठवलेले चित्रण लहान करण्यासाठी दाबले जाते, आणि अशा दाबण्यात पहिला बळी बारीक पोताचा जातो, म्हणजे शेंगेवरच्या लवेचाच. एकदा दाबलेला तुकडा जोडून पुन्हा दाबला गेला, तर शेंगांचा ढीग हिरव्या लगद्यासारखा दिसतो.

शेवटच्या तुकड्यावर किती वजनाची पिशवी, मागणी कोणत्या वेळेपर्यंत घेतली जाईल, माल कधी पोहोचेल आणि संपर्क कुठे करायचा, एवढ्या चारच गोष्टी होत्या. सहा सेकंदांत त्या दोनदा वाचून होतात का, हे मी मोठ्याने वाचून तपासतो. एकदाच होत असतील तर शब्द कमी करतो. वजनकाट्याचा आकडा सहाव्या तुकड्यात स्पष्ट दिसत असल्यामुळे पिशवीचे वजन येथे वेगळे पटवावे लागत नाही.

राहिला प्रश्न त्या तीन शब्दांचा. ‘आज सकाळची तोडणी’ हे फक्त त्याच दिवशी खरे असते. म्हणून जोडणी करताना दोन प्रती काढल्या : एक त्या शब्दांसह, जी त्याच दिवशी सकाळी पाठवली आणि संध्याकाळी स्टेटसवरून काढून टाकली, आणि दुसरी त्या शब्दांशिवाय, जी हंगामभर वापरता येते. पुढच्या तोडणीला दादांनी फक्त पहिला आणि चौथा तुकडा नव्याने घेतला आणि तो पाच सेकंदांचा वेगळा व्हिडिओ म्हणून पाठवला, जुन्यात जोडला नाही; कारण त्या दिवशी टोपलीची निळी चिंधी सुटून तिच्या जागी सुतळी आली होती.